अध्यारोपण तत्त्व : रेषीय समघाती समीकरणांत ते का टिकते आणि अरेषीय समीकरणांत का ढळते

प्रस्तावना :

पदवी स्तरावर अवकल समीकरणे शिकविताना एक विधान अगदी आरंभीच येते. ते असे की, y1 आणि y2 या समीकरणाच्या दोन उकली असतील, तर c1 आणि c2 हे कोणतेही स्थिरांक घेऊन तयार केलेले c1 y1 + c2 y2 हे फलनही त्याच समीकरणाची उकल असते. यालाच अध्यारोपण तत्त्व असे म्हणतात. १७५३ मध्ये डॅनियल बर्नुली याने ताणलेल्या तारेचे कंपन हे साध्या कंपनांची बेरीज म्हणून मांडले, तेव्हा त्याने याच तत्त्वाचा आधार घेतला होता. ऑयलरने त्यावर घेतलेला आक्षेप तारेचा प्रत्येक आकार अशा बेरजेतून मिळू शकेल काय, या प्रश्नासंबंधी होता. उकलींची बेरीज ही उकल असते, याविषयी त्याची शंका नव्हती.

विधानाच्या आधी येणारे 'रेषीय' आणि 'समघाती' हे दोन शब्द मात्र विद्यार्थ्यांच्या ध्यानातून सहज निसटतात. परिणामी अरेषीय समीकरणाच्या दोन उकली हाती लागताच त्यांची बेरीज करून 'सर्वसाधारण उकल' लिहिली जाते. असे उत्तर कधी कधी दिलेल्या आरंभिक अटीही पूर्ण करते आणि तरीही चुकीचे असते. हे कसे घडते, हे दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखात e^x आणि e^(-x) हीच दोन फलने दोन निरनिराळ्या समीकरणांत तपासली आहेत. फलने तीच असताना एका समीकरणात तत्त्व टिकते व दुसऱ्यात ढळते. म्हणजेच दोष फलनांत नसून समीकरणाच्या रचनेत असतो, हे त्यावरून स्पष्ट होईल.

रेषीय समघाती समीकरण :

प्रथम पुढील समीकरण घेऊ.

y'' - y = 0 ... (१)

y = e^x आणि y = e^(-x) या दोन्ही फलनांचा दुसरा अवकलज मूळ फलनाएवढाच असल्यामुळे दोन्ही या समीकरणाच्या उकली आहेत. आता समीकरणाच्या डाव्या बाजूकडे एक क्रिया म्हणून पाहू. L[y] = y'' - y असे लिहिल्यास L हा एका फलनापासून दुसरे फलन देणारा अवकल कारक आहे. बेरजेचा अवकलज हा अवकलजांची बेरीज असतो आणि स्थिरांक अवकलनाच्या बाहेर काढता येतो. म्हणून

L[c1 y1 + c2 y2] = c1 L[y1] + c2 L[y2]

हे समीकरण y1 व y2 ही कोणतीही फलने असली, तरी सत्य असते. त्यासाठी ती उकली असण्याची गरज नाही. या गुणधर्मालाच कारकाची रेषीयता म्हणतात. L मधील सहगुणक x ची ज्ञात फलने असली तरी या युक्तिवादात फरक पडत नाही, कारण ज्ञात फलनाने गुणण्याची क्रियाही बेरजेवर वाटली जाते.

येथवर केवळ रेषीयतेचा उपयोग झाला. y1 आणि y2 या उकली आहेत, हे आता वापरू. L[y1] = 0 आणि L[y2] = 0 असल्यामुळे उजवी बाजू c1·0 + c2·0, म्हणजे शून्य होते. अध्यारोपण तत्त्वाची सिद्धता एवढीच आहे. परंतु तिच्यात दोन स्वतंत्र आधार आहेत. पहिला आधार कारक बेरजेवर वाटला जाणे हा, आणि दुसरा आधार शून्यांची कोणतीही रेषीय जुळणी शून्यच असणे हा होय.

समघातीपणाची आवश्यकता :

दुसरा आधार काढून घेतल्यास काय होते, ते पाहण्यासाठी y'' - y = x हे समीकरण घेऊ. कारक तोच आहे, म्हणून रेषीयता अबाधित आहे. e^x - x आणि e^(-x) - x या त्याच्या दोन उकली आहेत. त्यांची बेरीज e^x + e^(-x) - 2x समीकरणात ठेवल्यास उजवीकडे x ऐवजी 2x येते. अर्थात ही बेरीज उकल नाही.

तथापि येथील बिघाड मर्यादित व पूर्णपणे आकलनीय आहे. उजवीकडे (c1 + c2)x मिळते. म्हणून c1 + c2 = 1 असेल, तर जुळणी उकल ठरते; दोन उकलींची सरासरी हे त्याचे सोपे उदाहरण. तसेच दोन उकलींची वजाबाकी ही समीकरण (१) ची उकल असते. 'विशेष उकल अधिक समघाती समीकरणाची सर्वसाधारण उकल' ही परिचित रीत यातूनच निघते. रेषीयता टिकून असल्यामुळे तत्त्व थोड्या बदललेल्या रूपात येथेही उपयोगी पडते. पहिला आधारच ढळला, तर मात्र परिस्थिती निराळी होते.

प्रतिउदाहरण :

आता पुढील अरेषीय समीकरण विचारात घेऊ.

y y'' - (y')^2 = 0 ... (२)

y = e^x ठेवल्यास y, y' आणि y'' ही तिन्ही e^x असल्याने डावी बाजू e^(2x) - e^(2x) = 0 होते. y = e^(-x) साठी y' = -e^(-x) आणि y'' = e^(-x) असल्याने डावी बाजू e^(-2x) - e^(-2x) = 0 होते. म्हणजे दोन्ही फलने समीकरण (२) च्याही उकली आहेत. आता y = a e^x + b e^(-x) ही जुळणी तपासू. येथे y'' = y आणि y' = a e^x - b e^(-x) आहे. म्हणून

y y'' - (y')^2 = (a e^x + b e^(-x))^2 - (a e^x - b e^(-x))^2 = 4ab

ही राशी शून्य होण्यासाठी a किंवा b शून्य असावा लागतो. दोन्ही उकली प्रत्यक्षात मिसळताच समीकरण बिघडते.

4ab ही शिल्लक कोठून आली, हे पाहणे बोधप्रद आहे. समीकरण (२) मधील प्रत्येक पदात y व त्याचे अवकलज यांचा परस्परांशी गुणाकार आहे. y1 + y2 चा असा गुणाकार केल्यास y1 चे y1 शी आणि y2 चे y2 शी होणारे गुणाकार मिळतात व ते समीकरणानुसार नाहीसे होतात. परंतु त्यांच्याबरोबर y1 y2'' + y2 y1'' - 2 y1' y2' ही मिश्र पदेही येतात. y1 एकटे किंवा y2 एकटे समीकरणाची पूर्तता करते, यावरून या मिश्र पदांविषयी काहीही निष्पन्न होत नाही. प्रस्तुत जोडीसाठी त्यांची किंमत 1 + 1 + 2 = 4 येते. रेषीय समीकरणात उकलींची परस्परांशी गाठच पडत नाही, म्हणून तेथे मिश्र पदे उद्भवत नाहीत.

आरंभिक अटींची कसोटी :

समजा y(0) = 2 आणि y'(0) = 0 या अटी दिल्या आहेत. e^x + e^(-x) हे फलन या दोन्ही अटी पूर्ण करते आणि समीकरण (१) साठी ते योग्य उत्तर आहे. समीकरण (२) साठी मात्र योग्य उत्तर y = 2 हे स्थिर फलन आहे. x = 1 येथे पहिल्या फलनाची किंमत सुमारे ३.०८६ आणि x = 2 येथे सुमारे ७.५२४ होते; दुसऱ्याची किंमत २ च राहते. केवळ आरंभिक अटी तपासून समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्याला ही चूक कधीच दिसणार नाही. उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहणे हीच येथे खरी कसोटी होय.

समीकरणाची आंतरिक रचना :

समीकरण (२) च्या सर्व उकली सहज काढता येतात. ज्या अंतरालात y शून्य नाही, तेथे y^2 ने भागल्यास (y'/y)' = 0 असे रूप मिळते. म्हणून y'/y = k, आणि y = A e^(kx). हे फलन शून्याला कोठेही स्पर्श करीत नसल्यामुळे y = 0 ही सर्वत्र शून्य असलेली उकल तेवढी वेगळी उरते, आणि तीही A = 0 घेऊन मिळते. रेषीय समीकरणाप्रमाणे येथेही दोन स्थिरांक आहेत. पण k हा सहगुणक नसून घातांकात बसला आहे. त्यामुळे उकलींचा संच सदिश अवकाश बनत नाही.

धन उकलींसाठी u = log y घेतल्यास समीकरण u'' = 0 असे रेषीय समघाती होते. अध्यारोपण u ला लागू पडते, आणि u ची बेरीज म्हणजे y चा गुणाकार. म्हणून समीकरण (२) च्या उकलींचा गुणाकार ही उकल असते. e^x आणि e^(-x) यांचा गुणाकार 1 हा त्याचा पडताळा आहे. हॉफ (१९५०) आणि कोल (१९५१) यांनी बर्गर्सच्या अरेषीय समीकरणाचे उष्णता समीकरणात रूपांतर केले, तेव्हाही φ या फलनाच्या अवकलजाला φ ने भागण्याची हीच कल्पना वापरली गेली. अशी प्रतिस्थापना सर्व अरेषीय समीकरणांना उपलब्ध नसते. ती सापडली, तरी बेरजेचा नियम नव्या चलाला लागू होतो, मूळ चलाला नव्हे.

फसव्या पडताळण्या :

वर्गात दोन गोष्टींविषयी सावध राहावे लागते. पहिली अशी की, समीकरण (२) च्या उकलीला स्थिरांकाने गुणल्यास उकलच मिळते, कारण डावी बाजू c^2 पट होते व शून्य शून्यच राहते. y व त्याच्या अवकलजांत समीकरण द्वितीय घाताचे समघाती असल्यामुळे हे घडते. परंतु स्थिरांकाने गुणता येणे म्हणजे बेरीज करता येणे नव्हे. रेषीयतेसाठी दोन्ही गुण हवेत. दुसरी गोष्ट अशी की, e^x आणि 3e^x यांची बेरीज 4e^x ही समीकरण (२) ची उकल आहे. एखाद्या सोयीच्या जोडीवर तत्त्व खरे ठरले, यावरून ते सिद्ध होत नाही. ते खोडून काढण्यास मात्र एक प्रतिउदाहरण पुरते.

साध्या लंबकाचे उदाहरण या तत्त्वाची व्यावहारिक मर्यादा दाखविते. त्याच्या समीकरणात sin θ येतो. प्रत्येकी ०.१ रेडियन कोनांसाठी sin 0.2 ची किंमत ०.१९८७ आणि 2 sin 0.1 ची किंमत ०.१९९७ येते, फरक नगण्य आहे. प्रत्येकी १ रेडियन घेतल्यास याच राशी ०.९०९ आणि १.६८३ होतात. लहान दोलनांत अध्यारोपण चालते, याचे कारण तेथे sin θ च्या जागी θ घेऊन समीकरणच रेषीय केलेले असते.

निष्कर्ष :

अध्यारोपण तत्त्वाची सिद्धता कारकाची रेषीयता आणि उजव्या बाजूचे शून्य या दोन आधारांवर उभी आहे. शून्य नसेल, तर तत्त्वाचे सुधारित रूप शिल्लक राहते. रेषीयता नसेल, तर मिश्र पदे उद्भवतात आणि उकलींच्या बेरजेविषयी कोणतीही हमी उरत नाही. e^x आणि e^(-x) ही एकच जोडी समीकरणे (१) व (२) मध्ये शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास हा भेद विद्यार्थ्यांना आकडेमोडीच्या ओझ्याशिवाय समजावून देता येतो.