गुलाब मान का टाकतो?

मावळातल्या पॉलिहाउसमधून आलेला लांब दांड्याचा गुलाब कधी कधी फुलदाणीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मान टाकतो. पाकळ्या टवटवीत असतात, कळी पुरती उमललेलीही नसते, पण फुलाखालचा कोवळा देठ वाकतो. हे वय झाल्याचं लक्षण नाही. फुलदाणी भरलेली असूनही फूल तहानलेलं आहे.

खोडातल्या बारीक नळ्यांना जलवाहिन्या म्हणतात. पानांतून पाण्याची वाफ होत राहते आणि ती वाफ खालचं पाणी वर खेचते. म्हणून जलवाहिन्यांतलं पाणी सतत ताणलेलं असतं. दांडा कापताच ते आत मागे सरतं आणि कापलेल्या टोकातून हवा शिरते. मग दांडा पाण्यात ठेवला तरी ती हवा वाट अडवते.

दुसरा अडथळा जिवाणूंचा. कापलेल्या पेशींतून पोषक द्रव्यं पाण्यात उतरतात आणि पाण्यात बुडलेली पानंही कुजतात. त्यावर जिवाणू पोसले जातात. ते स्वतः आणि त्यांचा चिकट स्राव जलवाहिन्यांच्या तोंडाशी साचतो. पाणी अजून नितळ असताना काही तासांतच फूल सुकलं, तर बहुधा हवा अडकलेली असते. पाणी गढूळ झालं, दांड्याचं टोक बुळबुळीत लागलं, तर दोष जिवाणूंचा.

दोन्हींवर पहिला उपाय एकच. दांडा पाण्यात बुडवून धरा आणि खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग धारदार सुरीने तिरका कापा. हवा आणि घाण बहुतेक खालच्या टोकाशीच असते, ती तुकड्याबरोबर जाते. मान टाकलेला गुलाब असा कापून, कागदात सरळ गुंडाळून काही तास खोल पाण्यात ठेवला, तर अनेकदा पुन्हा ताठ होतो.

साखरेचं काम वेगळं आहे. तोडलेल्या फुलाला झाडाकडून अन्न मिळत नाही, पण कळी उमलायला ऊर्जा लागते. शिवाय पाकळ्यांच्या पेशींत साखर साठली की त्या पाणी ओढून घेतात आणि फुगतात. लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे साखर गुलाबाला पुरते. मात्र नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच चंगळ होते. म्हणून फुलवाल्याकडच्या पुडीत साखरेबरोबर जंतुनाशक असतं आणि सायट्रिक आम्लही असतं. आम्लयुक्त पाण्यात जिवाणू सावकाश वाढतात आणि देठ पाणी अधिक सहज ओढतो.

पुडीवर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण पाळा. पुडी फार पातळ केली तर साखर उरते, पण जंतुनाशक निष्प्रभ होतं. पुडी नसेल तर साखर न घालता फुलदाणी साबणाने घासा, बुडणारी पानं काढा आणि रोज पाणी बदला. अडलेल्या दांड्यातून साखरही वर चढत नाही, त्यामुळे आधी वाट मोकळी करायची आणि मगच खाऊ घालायचं.