करारात माणसं तीन, घरात होणार पाच

पुण्या-मुंबईत भाड्याच्या घराचा करारनामा बहुधा एजंटाच्या कॉम्प्युटरमधल्या तयार मसुद्यावरून निघतो. नावं, रक्कम, तारखा बदलल्या जातात आणि बाकीची कलमं एका कराराकडून दुसऱ्याकडे तशीच सरकत जातात. अशाच एखाद्या कलमात लिहिलेलं असतं की सदनिकेत जास्तीत जास्त तीन व्यक्ती राहतील. खाली नवरा, बायको आणि मुलीचं नाव असतं. सही करताना त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सहा महिन्यांनी गावी वडील न्हाणीघरात घसरतात, आईला एकटीला ते झेपत नाही, आणि मुलगा कपाटातून करारनामा काढून पहिल्यांदाच नीट वाचायला बसतो.

आता मालकाला पत्र लिहायचं असतं. इथे पुष्कळजण भावनेवर भर देतात: आईवडिलांचं वय, मुलाचं कर्तव्य, संस्कार. काहीजण तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा हवाला देतात. त्या कायद्यानं आईवडिलांचा सांभाळ करण्याची जबाबदारी मुलांवर टाकली आहे हे खरं, पण घरमालकावर त्यानं काहीच टाकलेलं नाही. पत्रात त्याचा उल्लेख आला की मालकाला ती विनंती कमी आणि दमदाटी जास्त वाटते. एरवी सहज ‘हो’ म्हणाला असता असा माणूसही मग वकिलाला फोन लावतो.

मुळात मालकाला धास्ती कशाची असते? म्हाताऱ्या माणसांची तर नक्कीच नसते. उलट दंगा न करणारी, घरात कायम कुणीतरी असणारी मंडळी मालकाला आवडतातच. त्याची धास्ती नावांच्या यादीत असते, आणि तिचं मूळ पन्नास वर्षं मागे जातं. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लोक चालू लायसन्सवर एखाद्या जागेत राहत होते, ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. चार दिवसांसाठी म्हणून दिलेली खोली कायमची गेली, अशा कथा तेव्हापासून घराघरांत सांगितल्या जातात. पागडीच्या घरांचा अनुभवही तसाच होता. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जायचा. त्यामुळे घरात कोण कोण ‘राहतं’ हा प्रश्न मालकाला साधा वाटत नाही.

आजचा कायदा मात्र त्याच्या बाजूनं बराच भक्कम आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलण्यात भाडेकरू असला, तरी कायद्याच्या लेखी त्याला जागा वापरण्याची फक्त परवानगी मिळालेली असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५व्या कलमानुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोपर्यंतच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. सोबत आईवडील राहत आहेत म्हणून यातलं काहीही बदलत नाही. आईवडील मुलाच्या परवानगीच्या आधारानं राहतात, त्यांना वेगळा हक्क मिळत नाही. मालकाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून ते पत्रातच लिहिलेलं बरं.

एक नमुना घेऊ. कोथरूडमधला टू बीएचके, भाडं २४ हजार, अनामत १ लाख, करार १ जूनपासून ११ महिन्यांचा. राहणारे तिघं. नोव्हेंबरमध्ये मुलगा मालकांना पत्र लिहितो. त्याचा गाभा असा असू शकतो:

‘स.न.वि.वि. करारनाम्याच्या कलम ९ नुसार आपल्या सदनिकेत तीन व्यक्तींनाच राहता येतं. माझे वडील (वय ७४) आणि आई (वय ७०) यांना आता गावी एकटं राहणं अवघड झालं आहे. १ डिसेंबरपासून कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, त्यांना आमच्याकडे राहू द्यावं अशी विनंती आहे. ही सवलत फक्त या दोघांपुरती राहील. त्यांना जागेत कोणताही स्वतंत्र हक्क असणार नाही आणि आम्ही जागा सोडू त्याच दिवशी तेही सोडतील. कराराच्या बाकीच्या सर्व अटी कायम राहतील.’

पत्रात वडिलांच्या दुखण्याचा तपशील नाही, हे मुद्दाम. ‘एकटं राहणं अवघड झालं आहे’ एवढं पुरतं. दवाखान्याचे कागद जोडले की मालकाच्या मनात दुसरेच प्रश्न उभे राहतात: घरात हॉस्पिटलचा पलंग येणार का, रात्रंदिवस माणूस ठेवणार का, ॲम्ब्युलन्स किती वेळा येणार. तारीख मात्र नेमकी हवी. ‘काही दिवस’ असं लिहिलं की मालक त्याचा अर्थ पंधरवडा लावतो आणि मुलाच्या मनात कायमचं असतं. भांडण बहुतेक वेळा याच फटीतून आत येतं.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती खरी आहे. शहरी पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबानं दोन माणसं वाढली की महिन्याला ८,१०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा थोडं कमी. जिथे उन्हाळ्यात टँकर लागतात त्या सोसायटीचा सेक्रेटरी पहिला प्रश्न हाच काढतो. पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो. डोकी मोजून तो लावायचा नसतो. म्हणजे दोन माणसं आली म्हणून मालकाच्या बिलात पाण्याचा आकडा आपोआप वाढत नाही. तरीही ‘टँकरचा जादा खर्च सोसायटीनं लावल्यास तो मी भरीन’ हे एक वाक्य पत्रात टाकलं, तर मालकाचा एक आक्षेप बोलण्याआधीच मिटतो. कायद्यानं देणं नसलेलं आपणहून देऊ करणं इथे स्वस्तात पडतं.

न्हाणीघराचं मात्र बहुतेकजण विसरतात. वयस्क माणूस येणार म्हणजे कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायला दांडी हवी, आणि दांडी लावायची तर टाइल्सना भोकं पाडावी लागतात. करारात सहसा ‘भिंतीत खिळा ठोकणार नाही’ अशीही अट असतेच. राहण्याची परवानगी मिळाली आणि ड्रिलवरून बिनसलं, असं होऊ नये म्हणून दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागायच्या: दोन दांड्या लावणार, खर्च आमचा, जाताना हव्या असतील तर ठेवू, नको असतील तर काढून टाइल बदलून देऊ. चोखून भिंतीला चिकटणाऱ्या दांड्या बाजारात मिळतात आणि त्यांना भोक लागत नाही. पण ओलसर किंवा खडबडीत टाइलवर त्यांची पकड सुटते. ज्याचा तोल आधीच गेलेला आहे त्यानं तिच्यावर भार टाकणं धोक्याचं आहे.

पत्र गेलं. मालकांचा फोन आला, ‘अहो, आईवडील आहेत, त्यात विचारायचं काय? आणा की.’ मुलगा खूश होतो आणि तिथेच थांबतो. सर्वांत महागात पडणारी चूक ती हीच.

नोंदणीकृत करारातली अट नंतर तोंडी बोलून बदलली, असं सिद्ध करायला पुराव्याचा कायदा परवानगी देत नाही. जुन्या कायद्यात हे ९२व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ९५व्या कलमात आलं आहे. उद्या मालकांनी घर विकलं, किंवा ते परदेशी असलेल्या मुलाच्या हाती कारभार गेला, तर फोनवरचं ‘आणा की’ कुठेच नोंदलेलं नसतं. कागदावर माणसं तीन असतात आणि घरात पाच.

म्हणून पत्राच्या तळाशी मालकांसाठी दोन ओळी आधीच टाइप करून ठेवाव्यात: ‘वरील दोन व्यक्तींनी कराराच्या मुदतीपर्यंत सदनिकेत राहण्यास माझी संमती आहे. कराराच्या इतर अटी कायम राहतील.’ खाली नाव, तारीख, सही. दोन प्रती, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. मालक नाशिकला किंवा नेवार्कला असतील तर ईमेल करावी आणि उत्तरात हीच दोन वाक्यं मागावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा वर केलेला अंगठा नेमका कशाला होता, हे नंतर ठरवता येत नाही. फोनवर ‘हो’ आलंच असेल तर त्याच संध्याकाळी ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून पत्र पाठवायचं. चांगल्या मनानं हो म्हटलेल्या माणसाला त्यावर सही करायला जड जात नाही. आणि ‘बघू’ हे उत्तर आलं, तर तो नकार आहे असंच धरून चालावं.

सही झाली की सोसायटीच्या ऑफिसला दोघांची नावं कळवायची. सेक्रेटरीची परवानगी मागायची नसते, माहिती द्यायची असते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली असते, तीही मालकांकडून अद्ययावत करून घ्यावी. हे आधी केलं नाही, तर वॉचमनकडून सेक्रेटरीला, सेक्रेटरीकडून मालकांना अशी बातमी फिरते. परवानगी देणाऱ्या मालकालाही स्वतःच्या घरची बातमी तिसऱ्याकडून कळलेली खपत नाही.

मालक नाहीच म्हणाले तर? त्यांना भाग पाडेल असा कायदा नाही. आईवडिलांना ‘पाहुणे’ म्हणून आणून ठेवण्याचा मोह इथे होतो. आठ-पंधरा दिवस ते पाहुणे असतातही. पण त्यांची औषधं फ्रिजमध्ये आणि कपडे कपाटात कायमचे लागले की अटीचा भंग झाला असं म्हणायला मालकाला जागा मिळते, आणि मग लाखभर अनामतीच्या हिशेबात रंगापासून नळापर्यंत सगळी खोट निघू लागते. त्यापेक्षा एखादा हजार भाडं वाढवून देण्याची तयारी दाखवून पुन्हा बोलावं. लॉक-इनची मुदत संपली असेल तर करारातली नोटीस देऊन, बहुतेक ठिकाणी ती एक महिन्याची असते, दुसरं घर बघावं. बघताना तळमजला किंवा जनरेटरवर चालणारी लिफ्ट आहे का, हेही त्याच वेळी पाहता येतं.

लेखी संमती ३० एप्रिलला करारासोबतच संपते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. नव्या करारात जुनाच मसुदा वापरला तर एजंटाच्या कॉम्प्युटरमधून पुन्हा तीनच नावं उतरतात. नव्या कराराचा सरकारी खर्च फार नाही. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ६४ हजार, त्यात अनामतीवर १० टक्क्यांनी धरलेलं सुमारे ९ हजार व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये. राहणाऱ्यांच्या यादीत पाचही नावं आहेत ना, आणि न्हाणीघरातल्या दांड्यांचा उल्लेख आला आहे ना, हे अंगठ्याचा ठसा देण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्यायचं. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे मालक, मुलगा आणि एजंट यांची वेळ पुन्हा जुळवावी लागते.