बसलेला बूट

रनिंग शूजचा खालचा रबरी तळ शाबूत दिसतो आणि आपण फसतो. धक्का झेलतो तो त्याच्या वरचा फोम. त्यातली हवेची सूक्ष्म छिद्रं हजारो पावलांनी चेपतात आणि पुन्हा फुगत नाहीत.

माझी जोडी साडेसहाशे किलोमीटर धावली होती. टाचेकडच्या फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या होत्या, अंगठ्याने दाबला तर तो लाकडासारखा लागला. टेबलावर ठेवून मागून पाहिलं, तर उजवा बूट आत कललेला! साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर ही तपासणी करावी. वजनदार धावपटूने आधीच. एका पायात जुना, दुसऱ्यात नवा घालून चाललं की फरक लगेच कळतो.