लाइट क्षणभर गेली, नेट तीन मिनिटे का जाते?

पावसाळ्यात लाइट पुष्कळदा जात नाही, नुसती लुकलुकते. दिवा किंचित मंदावतो, पंखा फिरतच राहतो, आणि तरी भिंतीवरच्या राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक करून लागू लागतात. पुढची दोन-तीन मिनिटे नेट बंद. घरात इन्व्हर्टर असला तरी हे घडते, आणि कोडे पडते ते तिथेच.

उत्तर राउटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये आहे. तो 230 व्होल्टची एसी वीज घेऊन 12 व्होल्टची डीसी करतो. त्याच्यावर बहुधा 100–240 व्होल्ट असे छापलेले असते. त्यामुळे दाब 160 पर्यंत घसरला तरी चांगला अ‍ॅडॉप्टर तग धरतो. वीज पूर्णच तुटली, तर मात्र सगळी भिस्त आतल्या कपॅसिटरवर. गच्चीवरच्या टाकीसारखा तो थोडी वीज साठवून ठेवतो, पण पूर्ण भारावर हा साठा जेमतेम विजेची एक-दोन आवर्तने पुरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे.

इन्व्हर्टरला लाइट गेल्याचे ओळखून आतला रिले फिरवायला वेळ लागतो. बऱ्याच इन्व्हर्टरांना मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. यूपीएसवर हा बदल साधारण 10 मिलिसेकंदांत होतो, नॉर्मलवर त्याच्या काही पट वेळ लागतो. तरीही कमी दाबाच्या भागात लोक नॉर्मलच ठेवतात. त्याला कारण आहे: यूपीएसवर दाब 180 च्या आसपास उतरला की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो आणि बॅटरी विनाकारण उतरते. शिवाय अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर उष्णतेने वर्षागणिक सुकत जातो, त्याचा साठा घटतो. ‘गेल्या वर्षापर्यंत असे होत नव्हते’ ही तक्रार म्हणूनच खरी असते.

पण क्षणभराच्या खंडाची किंमत मिनिटांत का मोजावी लागते? राउटर म्हणजे छोटा संगणकच. त्याला सुरू व्हायलाच मिनिटभर तरी लागते. फायबर असेल तर त्यानंतर कंपनीच्या केंद्राशी ताळमेळ जुळवावा लागतो. एकाच फायबरवर बत्तीस किंवा चौसष्ट घरे असतात आणि प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या क्षणीच प्रकाशाचा संदेश वर पाठवायचा असतो. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला 5 मायक्रोसेकंद लागतात. चार किलोमीटरवरच्या घराचा जाऊन-येऊन वेळ 40, एक किलोमीटरवरच्या घराचा 10. हा फरक मोजून केंद्र प्रत्येक राउटरला किती थांबायचे ते सांगते. ते होईपर्यंत राउटरवरचा ‘पॉन’ दिवा लुकलुकत राहतो. त्यानंतर लॉगिन, आणि मग नेट.

यावर साधा इलाज म्हणजे अ‍ॅडॉप्टर आणि राउटर यांच्यामध्ये बसणारा मिनी यूपीएस. त्यातली लिथियम बॅटरी डीसीच्या बाजूलाच जोडलेली असते, त्यामुळे लाइट गेल्याचे राउटरला कळतही नाही. घेताना व्होल्टेज, पिनचा आकार आणि तिची ध्रुवता जुळते का ते पाहावे. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट देऊ नयेत.

डब्यावर 6000 एमएएच लिहिलेले पाहून फसू नये. हा आकडा बहुधा 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ऊर्जा 22 वॅट-तास. ती 12 व्होल्टवर चढवताना काही वाया जाते, हाती 19 च्या आसपास उरते. राउटर सात वॅट खात असेल तर अडीच तासांहून थोडे अधिक. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर म्हणजे 18 वॅट लिहिलेले असले, तरी ती कमाल मर्यादा झाली. राउटर प्रत्यक्षात बराच कमी खातो.

खरी खोच लाइट परत आल्यावर समोर येते. रिकामी बॅटरी चार्ज करायची आणि राउटरही चालवायचा, हे दोन्ही त्याच एका अ‍ॅडॉप्टरवर पडते. तो 1 अँपिअरचा असेल तर त्याचा दाब कोसळतो आणि लाइट आल्यावरच राउटर रिस्टार्ट होतो. लोक मिनी यूपीएसला दोष देतात. त्याऐवजी 12 व्होल्टचाच, पण 2 किंवा 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावावा.

एवढे करूनही लाइट गेल्यावर नेट गेलेच, तर राउटरवरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर समोरून प्रकाशच येत नाही. परिसरातली लाइट गेल्यावरच तो लागत असेल, तर केंद्रातला बॅकअप संपल्याची शक्यता मोठी. पॉन स्थिर असून नेट नसेल तर अडचण केंद्राच्याही पलीकडे असू शकते. मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे तिथे विजेचा प्रश्न नसतो. काही इमारतींत मात्र फायबर तळमजल्यावरच्या स्विचपर्यंतच येते आणि पुढे तांब्याची केबल असते. तिथे त्या स्विचलाही बॅटरी हवी. केंद्राची वीज परतली की बॅटरीवर जागा असलेला राउटर नव्याने सुरू होत बसत नाही. थेट ताळमेळ जुळवायला लागतो.