भाव कोणाचा, मार्जिन कोणाचं?

ब्रिटनमध्ये 1961 पासून सट्ट्याची परवानाधारक दुकानं आहेत, आणि फुटबॉलच्या एकाच सामन्यावर डझनभर बुकमेकर आपापले भाव लावतात. हे भाव एकसारखे नसतात. कुठे काय मिळतंय आणि त्यात बुकमेकरने स्वतःसाठी किती ठेवलंय, हे एका साध्या स्प्रेडशीटमध्ये स्वच्छ दिसतं. (भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. त्यामुळे इथे गोष्ट ब्रिटनची आहे आणि रस आहे तो त्यामागच्या गणितात.)

आधी भाव म्हणजे काय ते पाहू. यजमान संघाचा भाव 2.10 असेल, तर 100 पौंड लावून जिंकणाऱ्याला लावलेल्या रकमेसकट 210 पौंड मिळतात. 1 ला 2.10 ने भागलं की 0.476 येतं. म्हणजे या भावात यजमान जिंकण्याची शक्यता 47.6 टक्के धरली आहे. यजमान, बरोबरी आणि पाहुणे या तिन्हींचे असे आकडे काढून बेरीज केली तर ती खरं तर 100 टक्के यायला हवी. बुकमेकरकडे ती नेहमी जास्त भरते, आणि 100 च्या वरचा हा भाग म्हणजेच त्याचं मार्जिन.

आता तक्ता मांडू. A, B, C या रकान्यांत सामना, बाजार आणि निकाल. D, E, F मध्ये तीन बुकमेकर, त्यांची नावं पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीपासून यजमान, बरोबरी, पाहुणे. समजा, पहिल्या बुकमेकरचे भाव 2.10, 3.40, 3.60 आहेत, दुसऱ्याचे 2.05, 3.50, 3.75, तिसऱ्याचे 2.15, 3.30, 3.50. G2 मध्ये सर्वांत चांगला भाव, H2 मध्ये तो देणाऱ्याचं नाव आणि D5 मध्ये पहिल्याचं मार्जिन:

```
G2: =MAX(D2:F2)
H2: =INDEX($D$1:$F$1,MATCH(G2,D2:F2,0))
D5: =IF(COUNT(D2:D4)=3,SUMPRODUCT(1/D2:D4)-1,"")
```

पहिली दोन सूत्रं खाली ओढायची, तिसरं उजवीकडे G पर्यंत. चांगला भाव रंगाने उठून दिसावा म्हणून D2:F4 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `=AND(D2<>"",D2=$G2)` हा नियम द्यायचा. दोघांचा भाव सारखा असेल तर H मध्ये फक्त पहिल्याचं नाव येतं, रंग मात्र दोघांनाही लागतो. म्हणून मी नावापेक्षा रंगावर जास्त भरवसा ठेवते.

उत्तरं पाहण्यासारखी आहेत. मार्जिन अनुक्रमे 4.81, 4.02 आणि 5.39 टक्के. सर्वांत जास्त मार्जिन तिसऱ्याचं, आणि तरीही यजमानाचा सर्वांत चांगला भाव, 2.15, त्याच्याकडेच! बरोबरी आणि पाहुण्यांवर त्याने हात आखडता घेतलाय, तिथून त्याचं भरून निघतं. मार्जिन हा अख्ख्या बाजाराचा आकडा आहे, एका निकालाचा नव्हे. त्यामुळे ‘स्वस्त बुकमेकर’ एकदा शोधून काम भागत नाही, प्रत्येक निकाल वेगळा पाहावा लागतो. G5 मध्ये तिन्ही चांगल्या भावांचं एकत्र मार्जिन येतं: 1.75 टक्के. म्हणजे प्रत्येक निकालाला सर्वांत चांगला भाव निवडूनही पारडं लावणाऱ्याच्या विरुद्धच झुकलेलं राहतं, फक्त कमी.

तक्ता फसतो तो बहुधा भाव भरताना. ब्रिटनमध्ये अनेक जण भाव अपूर्णांकात सांगतात. 6/4 म्हणजे दीड पट नफा, अधिक लावलेली रक्कम, म्हणजे 2.50. पण घरात नुसतं 6/4 टाइप केलं की स्प्रेडशीट ती तारीख समजते. तारखेच्या पोटात हजारोंचा आकडा असतो, त्यामुळे तोच ‘सर्वांत चांगला भाव’ म्हणून झळकतो. तिथे `=6/4+1` असंच लिहावं. एखादा भाव भरायचा राहिला तर सूत्रातल्या COUNT मुळे मार्जिनचं घर कोरं राहतं, हे बरंच आहे. दोनच निकालांची बेरीज धरून आलेलं मार्जिन निव्वळ खोटं असतं.

आणि G5 मधला आकडा उणे आला तर? तिन्ही निकालांवर योग्य प्रमाणात पैसे लावून हमखास नफा, असा त्याचा अर्थ. असे प्रसंग खरोखर येतात, पण आधी संशय घ्यावा तो तक्त्यावरच. एखादा भाव तासाभरापूर्वीचा असेल, किंवा एका बुकमेकरचा ‘90 मिनिटांतला निकाल’ आणि दुसऱ्याचा ‘पुढच्या फेरीत कोण जाणार’ हे दोन वेगळे बाजार एकाच ओळीत बसले असतील. म्हणून प्रत्येक बुकमेकरचे भाव किती वाजता घेतले, याची एक ओळ तक्त्यात असावी, आणि बाजाराचं नाव B मध्ये पूर्ण लिहिलेलं असावं.