कप्पीच्या दोन बाजू, धन दिशा एकच

कप्पीवरून दोरी टाकली आहे. एका टोकाला ३ किलोचं वजन, दुसऱ्याला २ किलोचं. ती सोडली की त्वरण किती? केंब्रिजच्या जॉर्ज अ‍ॅटवूड यांनी १७८४ साली आपल्या ग्रंथात या यंत्राचं वर्णन केलं. सुटी पडणारी वस्तू मोजायला फार वेगवान. जवळजवळ सारखी वजनं टांगली की तीच गती संथ होते, ही त्यांची युक्ती. आज हेच यंत्र अकरावीच्या मुलांच्या चिन्हांची परीक्षा घेतं.

गुरुत्वीय त्वरण १० धरू. मग वजनांवर खाली ओढणारी बलं ३० आणि २० न्यूटन, आणि दोरीचा ताण दोन्हींवर वरच्या दिशेला. मुलं सवयीनं ‘वर म्हणजे धन’ ठरवतात आणि लिहितात:

ताण − ३० = ३ × त्वरण
ताण − २० = २ × त्वरण

सोडवून पाहा. त्वरण उणे १०, ताण शून्य! म्हणजे दोन्ही वजनं सुटी खाली पडताहेत आणि दोरी ढिली आहे. वजनं बदलली तरी उत्तर हेच येतं, म्हणून ही चूक लगेच ओळखता येते. बीजगणित बिचारं निर्दोष आहे. दोन्हींना एकच त्वरण देऊन आपणच सांगितलं की दोघं एकाच दिशेला जाताहेत. प्रत्यक्षात एक खाली येतं तेव्हा दुसरं वर जातं.

म्हणून धन दिशा दोरीच्या वाटेनं धरायची: ३ किलोकडे खाली, कप्पीवरून वळून २ किलोकडे वर.

३० − ताण = ३ × त्वरण
ताण − २० = २ × त्वरण

बेरीज केली की ताण उडतो, त्वरण २ येतं आणि ताण २४ न्यूटन. तो २० आणि ३० च्या मधे हवाच. नाहीतर जड वजन खाली आणि हलकं वर जाणार कसं? दोन्हीकडे ‘वर धन’च ठेवायचं असेल तर तेही चालतं, पण मग त्वरणं वेगळी लिहून एक दुसऱ्याच्या उणे आहे हे नोंदवावं लागतं.

दिशेचा अंदाज चुकला तर? इथे बिघडत नाही. उलटी दिशा धरली तर त्वरण उणे २ येतं, ताण २४ च राहतो. मात्र मधेच दिशा बदलायची नाही.

घर्षण आलं की ही सवलत संपते. ३० अंशांच्या उतारावर ४ किलोचा ठोकळा, कप्पीपलीकडे टांगलेलं १ किलो, सरकतानाचं घर्षण ४ न्यूटन. उताराच्या दिशेनं ठोकळ्यावर २० न्यूटन, पलीकडे १०. ठोकळा खाली घसरतो असं धरलं तर २० − १० − ४ = ५ × त्वरण, म्हणजे १.२. वर जातो असं धरलं तर १० − २० − ४, म्हणजे उणे २.८. नुसतं चिन्ह बदलून हे सुधारत नाही, कारण घर्षणही चुकीच्या बाजूला लावलं गेलं. तेव्हा आधी २० आणि १० ची तुलना करून कल कुठे आहे ते पाहायचं. आणि स्थितिक घर्षण १० न्यूटनपर्यंत पेलत असेल, तर स्थिर ठेवलेला ठोकळा हलणारच नाही.