जुलाबात ज्यूसचा खोका नको, ओआरएस हवे



सिव्हिल हॉस्पिटलात कुणी दाखल असले की भेटायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. पूर्वी शहाळे, मोसंबी, बिस्किटचा पुडा असे काही नेत. आता गेटसमोरच्या टपरीवर चौकोनी ज्यूसचे खोके रचून ठेवलेले असतात. दहा-वीस रुपयांना मिळतात आणि नळी पाठीवरच चिकटवलेली असते. दिसायलाही ते फार स्वच्छ असतात. कडा सुरीने कापल्यासारख्या, छपाई चकचकीत, पुढे पिवळाधमक आंबा नाहीतर संत्र्याची फोड, त्यावर पाण्याचे थेंब. नळाला तिसऱ्या दिवशी गढूळ पाणी येणाऱ्या वस्तीत अशी बंद, निर्मळ वस्तू हातात आली की आईला धीर येतो. बाळाला जुलाब लागलेत, घरचे पाणी द्यायची भीती वाटते, म्हणून ती खोका फोडते आणि नळी बाळाच्या तोंडाला लावते.

आईचा हेतू चांगला असतो आणि खोक्यातला द्रवही जंतुविरहितच असतो. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर एकावर एक चिकटवून तो खोका बनतो. आतला द्रव काही सेकंद खूप तापवून जंतू मारलेले असतात, म्हणून तो फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा जंतूंसाठी खोक्याला दोष देता येत नाही. बिघडते ते आतल्या साखरेमुळे आणि आत मीठ जवळजवळ नसल्यामुळे. हे समजायला खोका उलटा करून मागचा मजकूर वाचावा लागतो. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही हेच करून दाखवतो.

मागे घटकांची यादी असते. ज्याचे प्रमाण जास्त ते आधी, असा छापण्याचा नियम आहे. बहुतेक खोक्यांवर पहिला शब्द पाणी असतो. पुढे साखर आणि फळाचा गर. कायद्याने ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून विकायला फळाचा रस किमान १० टक्के असला तरी चालतो, लिंबाच्या पेयात ५ टक्केही पुरतो. पुढच्या चित्रात मात्र अख्खा आंबा असतो. मग साखरेचा आकडा शोधा. तो १०० मिलीला किती ग्रॅम असा दिलेला असतो. समजा आकडा १३ आहे आणि खोका १५० मिलीचा आहे. म्हणजे एका खोक्यात साधारण २० ग्रॅम साखर झाली, सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याने चार-पाच चमचे.

आता ओआरएसचे मोठे पाकीट घ्या. ते २०.५ ग्रॅमचे असते आणि एक लिटर पाण्यासाठी असते. त्यात ग्लुकोज साखर १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. एका लिटरला १३.५ ग्रॅम साखर, म्हणजे १५० मिलीत जेमतेम २ ग्रॅम. तेवढ्याच खोक्यात २०. साखर दहापट, आणि जुलाबात अंगातून सर्वात जास्त वाहून जाते ते मीठ जवळजवळ नाही.

साखर दहापट झाली तर बिघडते कुठे? आतड्याच्या आतल्या अस्तरात साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारी दारे असतात. साखरेचा कण मिठाच्या कणाचा हात धरूनच आत जातो आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी शरीरात शिरते. जुलाबात आतडे सुजले तरी ही दारे बऱ्याच अंशी चालू राहतात. सगळे ओआरएस या एका गोष्टीवर उभे आहे. मीठच नसेल तर साखर दारात अडून आतड्यात साचते. साचलेली साखर काय करते ते लोणचे घालणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. कैरीच्या फोडींवर मीठ-गूळ टाकला की तासाभरात फोडींचे पाणी सुटून पातेल्यात येते. तसेच साचलेली साखर बाळाच्या रक्तातले पाणी ओढून आतड्यात आणते, आणि ते शौचावाटे बाहेर पडते. म्हणून खोका पाजल्यावर जुलाब आणखी पातळ होतात आणि आई म्हणते, ‘पाणी एवढं पाजलं तरी बाळ सुकतंच आहे.’

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. बाळ चौदा महिन्यांचे, वजन ८ किलो. उन्हाळ्यात टँकरचे पाणी भरलेले, पहाटेपासून पाणी-पाणी शौच. घरच्यांनी संध्याकाळपर्यंत तीन खोके पाजले. पोटात ६० ग्रॅम साखर गेली. एवढी साखर ओआरएसमधून जायला चार लिटरहून जास्त ओआरएस लागले असते. संध्याकाळी बाळ चिडचिडे, डोळे खोल गेलेले, रडते पण डोळ्यांत पाणी नाही, पेला दिसला की झडप घालते, दुपारपासून लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जाते. ही शरीर सुकल्याची मध्यम पायरी आहे. अशा बाळाला आरोग्य केंद्रात न्यायचे आणि वाटेतच ओआरएस सुरू करायचे.

किती द्यायचे याचा हिशेब सोपा आहे. वजनाच्या दर किलोला ७५ मिली, चार तासांत. आठ किलोला ६०० मिली, म्हणजे २०० मिलीचे तीन पेले. तासाला १५० मिली झाले. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर दर दोन मिनिटांनी एक चमचा. घड्याळ समोर ठेवून बसायचे. ओकले तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग आणखी हळू सुरू करायचे. ओकतेय म्हणून बंद करणे ही आम्ही सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. चार तासांनी पुन्हा पाहायचे. डोळे, चिमटी, तहान सुधारली आणि लघवी झाली तर बाळ सावरते आहे. पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवायचे. सहा महिन्यांवरील बाळाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस. ती आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळते. जुलाब थांबले म्हणून मधेच बंद करू नका.

बाळ सुस्त पडले, पाणी गिळेना, चिमटी दोन सेकंदांहून जास्त वेळ उभी राहिली, शौचात रक्त दिसले, तर घरी चमचे मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.

पाकीट कालवतानाही चूक होते. एक लिटरचे आख्खे पाकीट एका पेल्यात टाकले तर तेही घट्ट खारट होऊन अपाय करते. आधी लिटरची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, मग पाकीट पूर्ण टाका. लहान पाकिटे २०० मिलीची असतात, वर काय लिहिले आहे ते बघा. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात ग्रामआरोग्य सेविकांनी हे मीठ-साखरेचे पाणी गावोगाव शिकवले. त्यांतल्या कितीतरी बाया दलित वस्तीतल्या होत्या आणि कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते.

आता या विषयाची कटकटीची बाजू. मेडिकलच्या दुकानातही फळाचे चित्र आणि नळी असलेले चौकोनी खोके असतात, आणि त्यांतल्या काहींच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरे होती. आत साखर भरपूर. २०२२ साली देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशी नावे चालू दिली. अट एवढीच की हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस नाही, असे खोक्यावर छापायचे. ते इंग्रजी बारीक अक्षर कोण वाचणार? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती परवानगी मागे घेतली आणि अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी नाव बदलले म्हणून आतला माल बदलतोच असे नाही. खोके तेच, चित्र तेच. आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘ओआरएस’ लिहिले तर दुकानदार काय हातात ठेवतो, हे बघणे आपल्याच हाती आहे.

खरे ओआरएस तयार द्रव म्हणून खोक्यातही मिळते, म्हणून नुसता आकार पाहून ठरवू नका. दोन खुणा पाहा. एक, घटकांत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम सोडियम क्लोराईड आहे का. दुसरी, वर अन्न प्राधिकरणाचा शिक्का आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असेल तर ते खाद्यपदार्थ म्हणून विकले जाते आहे, औषध म्हणून नाही. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी आशाताईंकडून चार-पाच पाकिटे मागून सामानात बांधावीत. कारखान्याच्या कोप्यांवर रात्री दुकान सापडत नाही.

या खोक्याचा उपयोग होतो अशी एक जागाही सांगायला हवी. घरात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे कुणी असेल आणि अचानक घाम सुटून हातपाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर खाली गेलेली असू शकते. माणूस शुद्धीत असेल तर शंभर-सव्वाशे मिली ज्यूस, म्हणजे लहान खोक्याचा बराचसा भाग, लगेच पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढाच द्या, आणि नंतर भाकरी-भाजी खायला घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र थेंबही ओतू नका, थेट दवाखान्यात न्या.